शालेय फुटबॉल संघाच्या तीन पिशव्या : स्पर्धेला काय न्यावे, किती न्यावे आणि कोणी सांभाळावे

पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांतून फुटबॉल संघांची जुळवाजुळव सुरू होते. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या तालुका व जिल्हा पातळीवरील फेऱ्या आणि निरनिराळ्या शाळांनी भरविलेल्या एकदिवसीय स्पर्धा यांच्या निमित्ताने संघ गावोगावच्या मैदानांवर जातात. संघाची निवड आणि सराव यांकडे जितके लक्ष दिले जाते तितके सोबत न्यावयाच्या साहित्याकडे दिले जात नाही. साहित्य बहुधा सकाळी घाईघाईने एका मोठ्या थैलीत कोंबले जाते. मग ऐन वेळी पंप सापडतो पण सुई सापडत नाही, बँडेज सापडते पण कात्री सापडत नाही, आणि ‘ते कोणाकडे होते?’ या प्रश्नाला कोणीच उत्तर देत नाही.

याच प्रश्नापासून आम्ही प्रस्तुत लेखाची सुरुवात करीत आहोत. नुसती वस्तूंची यादी अपुरी असते. प्रत्येक वस्तूपुढे तिची संख्या हवी, ती सांभाळणाऱ्या एका व्यक्तीचे नाव हवे आणि ती केव्हा तपासावयाची याची वेळ हवी. विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून आपण एक उदाहरण घेऊ. वसई तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेचा १७ वर्षांखालील मुलींचा संघ ऑगस्ट महिन्यात दुसऱ्या गावच्या मैदानावर एकदिवसीय स्पर्धेला जात आहे, असे समजू. संघात १६ मुली आहेत. त्यांपैकी दोघी गोलरक्षक आहेत. दिवसभरात तीन सामने होण्याची शक्यता आहे आणि प्रत्येक सामना २५ मिनिटांच्या दोन डावांचा आहे. सोबत क्रीडाशिक्षक, एक शिक्षिका आणि संघात नसलेल्या तीन मदतनीस विद्यार्थिनी आहेत. एकूण २१ जण, आणि पिशव्या तीन : गणवेशाची, चेंडूंची व प्रथमोपचाराची.

यादीपूर्वी परिपत्रक

यादी लिहावयास बसण्यापूर्वी आयोजकांचे परिपत्रक शांतपणे वाचावे. त्यातून पाच गोष्टी कळल्या पाहिजेत : चेंडू कोणत्या क्रमांकाचा आहे, सामन्याचा चेंडू आयोजक देणार की संघांनी आणावयाचा, राखीव खेळाडू किती चालतील, गणवेशाचा रंग आधी कळवावयाचा आहे काय, आणि वयाच्या पुराव्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील. एखादी गोष्ट परिपत्रकात नसेल तर आयोजकांना दूरध्वनी करून विचारावी आणि उत्तर यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावे.

कागदपत्रे कोणत्याही पिशवीत टाकू नयेत. ती पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये, क्रीडाशिक्षकांच्या स्वतःच्या हाती असावीत. तीत छायाचित्रांसह संघाची यादी, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची ओळखपत्रे, जन्मतारखेचे दाखले आणि पालकांची संमतिपत्रे असावीत. संमतिपत्रावर पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक, मुलीला असलेला दमा, फिट येणे अथवा औषधाची अॅलर्जी यांची नोंद असावी. या शेवटच्या माहितीची एक प्रत प्रथमोपचार सांभाळणाऱ्या शिक्षिकेकडे द्यावी, कारण तिची गरज पडेल तेव्हा क्रीडाशिक्षक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असू शकतील.

पहिली पिशवी : गणवेश

फुटबॉलच्या नियमांनुसार खेळाडूच्या अंगावर पाच वस्तू असणे आवश्यक आहे : बाह्यांची जर्सी, अर्धी चड्डी, मोजे, शिनगार्ड म्हणजे नडगीचे संरक्षक, आणि बूट. यांतील एकही वस्तू नसेल तर पंच खेळाडूला आत सोडत नाहीत. शालेय संघांत सर्वाधिक विसरली जाणारी वस्तू म्हणजे शिनगार्ड. सरावात ती अनेकदा वापरलीच जात नाही, म्हणून स्पर्धेच्या सकाळी ती घरीच राहते. यावर उपाय एकच : शिनगार्ड मुलींच्या घरी न देता शाळेच्या पिशवीतच ठेवावेत. १६ मुलींसाठी १६ जोड्या आणि राखीव दोन, अशा १८ जोड्या न्याव्यात.

जर्सींचा हिशेब असा. आपल्या संघात मैदानी खेळाडू १४ आहेत. त्यांच्या गडद निळ्या क्रमांकित जर्सी १४. गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग दोन्ही संघांच्या खेळाडूंपेक्षा आणि पंचांच्या पोशाखापेक्षा वेगळा असावा लागतो, म्हणून गोलरक्षकांसाठी दोन रंग न्यावेत, उदाहरणार्थ पिवळा व हिरवा, आणि प्रत्येक रंगाची एकेक जर्सी दोघींना होईल अशा मापाची असावी. प्रतिस्पर्धी संघही निळ्यातच आला तर एका संघाला रंग बदलावा लागतो. जर्सीचा दुसरा संपूर्ण संच घेणे बहुतेक शाळांना परवडत नाही. त्याऐवजी फिकट रंगाची, क्रमांक असलेली १४ बिब्स, म्हणजे जर्सीवरून घालावयाची बिनबाह्यांची जाळीदार बंडी, जवळ बाळगावीत. ती चालतील काय, हे मात्र आयोजकांना आधीच विचारून ठेवावे. सामना सुरू असताना सीमारेषेबाहेर अंग गरम करणाऱ्या राखीव खेळाडूंनाही हीच बिब्स उपयोगी पडतात.

आता राखीव जर्सी कशासाठी, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. खेळाडूला रक्तस्राव होऊ लागला तर पंच तिला मैदानाबाहेर पाठवितात. रक्त थांबल्याशिवाय आणि तिच्या गणवेशावरील रक्ताचे डाग दूर झाल्याशिवाय तिला परत येता येत नाही. नाकातून रक्त आले तर तीन मिनिटांत जर्सी धुऊन होत नाही. म्हणून मोठ्या मापाच्या, क्रमांक नसलेल्या दोन निळ्या जर्सी, दोन चड्ड्या आणि मोज्यांच्या चार जोड्या राखीव असाव्यात. पाठीवर रुंद पांढऱ्या कापडी चिकटपट्टीने तिचाच क्रमांक काढावा. निराळा क्रमांक काढला तर तो पंचांना कळवावा. डागाळलेली जर्सी थंड पाण्यात भिजत टाकावी. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो.

मुलींच्या संघासाठी चड्डीचा रंग गडदच निवडावा. पांढऱ्या चड्डीमुळे मासिक पाळीच्या दिवसांत खेळाडूंच्या मनावर जो ताण येतो, त्याची दखल मोठ्या संघांनीही घेतली आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात इंग्लंडच्या संघाने पांढरी चड्डी सोडून निळी स्वीकारली, ती खेळाडूंनी ही अडचण मांडल्यावरच. सॅनिटरी पॅडची दोन पाकिटे, कागदी पिशव्या आणि एक मोठी चादर गणवेशाच्या पिशवीत ठेवावी. कपडे बदलण्यास खोली नसेल तेव्हा चादरीचा आडोसा करता येतो. काही मुली चड्डीखाली लेगिंग्ज घालतात. त्यास हरकत नाही; मात्र तिचा रंग चड्डीच्या रंगाचाच असावा आणि संघात ज्या कोणी ती घालतील त्या सर्वांची एकाच रंगाची असावी.

दागिन्यांविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल. गळ्यातील साखळी व क्रूस, कानातील रिंगा, नाकातील चमकी, अंगठी, बांगडी, मनगटावरील रबरी वा चामडी पट्टी, हे सारे काढूनच मैदानात उतरावे. धक्काबुक्कीत साखळीने मान कापली जाऊ शकते आणि रिंग ओढली जाऊन कानाची पाळी फाटू शकते. चिकटपट्टीने झाकले की चालेल, या आशेवर राहू नये. गळ्यातील क्रूस काढताना काही मुलींना संकोच वाटतो. तो श्रद्धेचा अनादर नव्हे, हे आदल्या दिवशीच शाळेत शांतपणे सांगावे. नुकतेच कान टोचलेले असतील तर रिंगा काही आठवडे काढता येत नाहीत, यास्तव कान टोचावयाचे असल्यास ते स्पर्धांचा हंगाम संपल्यावर टोचावेत, असे पालकांना जून महिन्यातच कळवावे. सोन्याच्या वस्तू घरी ठेवून येणे उत्तम. तरीही कोणी घेऊन आलीच तर नावाच्या चिठ्ठीसह त्या शिक्षिकेच्या पर्समधील एका डबीत ठेवाव्यात, विद्यार्थिनींच्या हाती देऊ नयेत.

दुसरी पिशवी : चेंडू

१७ वर्षांखालील गटात पाच क्रमांकाचा चेंडू वापरतात. नियमांप्रमाणे त्याचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे. १६ मुलींना सामन्यापूर्वी अंग गरम करावयाचे असेल तर दोघींत एक असे आठ चेंडू पुरेसे होतात. सामन्याचा चेंडू संघांनी आणावयाचा असल्यास नववा, चांगल्या स्थितीतला, वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावा आणि तो सरावात वापरू नये. सर्व चेंडूंवर शाळेचे नाव व १ ते ८ असे अनुक्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावेत. संध्याकाळी सात चेंडू भरले तर ‘एक हरवला’ एवढेच कळते. क्रमांक असतील तर ‘पाच नंबरचा हरवला’ हे कळते आणि तो शेवटी कोणाकडे होता, हे आठविणे सोपे जाते.

चेंडूतील हवेचा दाब नियमांत ८.५ ते १५.६ पीएसआय असा सांगितला आहे. ही मर्यादा फार रुंद आहे. म्हणून प्रत्यक्षात चेंडूवर व्हॉल्व्हजवळ जो दाब छापलेला असतो तो प्रमाण मानावा आणि आपल्या मुलींना सवय असलेल्या दाबावरच सरावाचे चेंडू ठेवावेत. दाब मोजण्याचे लहान यंत्र फार महाग नसते, ते घ्यावेच. ते जवळ नसेल तर एक ढोबळ कसोटी आहे. कठीण फरशीवर सुमारे दोन मीटर उंचीवरून चेंडू सोडावा. तो साधारण सव्वा ते दीड मीटर उसळला तर हवा ठीक समजावी. त्याहून बराच कमी उसळला तर हवा कमी आहे. दगडासारखा कडक लागून फार उसळला तर जास्त आहे. कडक चेंडू डोक्याने मारताना लागतो आणि पायावरून निसटतो.

हवा भरण्याची योग्य वेळ स्पर्धेची सकाळ नव्हे, तर आदली संध्याकाळ होय. संध्याकाळी नऊही चेंडूंत सारखी हवा भरून ठेवावी आणि सकाळी पुन्हा पाहावे. जो चेंडू रात्रीत मऊ पडला तो गळका आहे, हे आपोआप कळते. तो बादलीतील पाण्यात दाबून धरावा. बुडबुडे व्हॉल्व्हमधून येत असतील तर ग्लिसरीनचा अथवा सिलिकॉन तेलाचा एक थेंब बहुधा काम भागवितो. बुडबुडे शिवणीतून येत असतील तर आतील ब्लॅडर गेले आहे. असा चेंडू पिशवीतून काढून ठेवावा.

कोरडी सुई व्हॉल्व्हमध्ये जोराने खुपसली तर व्हॉल्व्ह फाटतो किंवा सुई वाकते. सुईला नेहमी ग्लिसरीन लावावे, ती सरळ आत घालावी व सरळच बाहेर काढावी. पंप एक, सुया तीन, ग्लिसरीनची लहान बाटली एक आणि दोन जुने टॉवेल ही या पिशवीची बाकीची सामग्री होय. टॉवेल पावसासाठी आहेत. झिजलेल्या आवरणाचा किंवा शिवणी सैल झालेला चेंडू पाणी पितो आणि जड होतो. दोन चेंडू दोन हातांत धरून पाहिले तर हा फरक लगेच कळतो. असा जड चेंडू पायाने पास देण्याच्या सरावापुरता ठेवावा, डोक्याने मारण्यास देऊ नये.

तिसरी पिशवी : प्रथमोपचार

ही पिशवी क्रीडाशिक्षकांकडे देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण पुढे येईल. ती सोबतच्या शिक्षिकेकडे असावी आणि सामना चालू असताना ती त्यांच्या पायाशी असावी, बसमध्ये नव्हे. पंचांनी खूण केल्याशिवाय मात्र कोणीही मैदानात धावत जाऊ नये.

मैदानावर नेहमी घडणाऱ्या घटना मोजक्याच आहेत. त्यांच्या क्रमाने सामान लावले तर शोधाशोध होत नाही. पहिली घटना खरचटणे व रक्त येणे. त्यासाठी वापरून टाकावयाच्या हातमोज्यांच्या सहा जोड्या, निर्जंतुक गॉजचे २० तुकडे, गुंडाळण्याच्या पट्ट्या पाच, चिकटपट्टीचे दोन रोल, बोथट टोकाची कात्री आणि जखम धुण्यासाठी स्वच्छ पाण्याच्या दोन बंद बाटल्या घ्याव्यात. चिखलाची जखम आधी भरपूर पाण्याने धुवावी, मग गॉजने दाबून धरावी. हळद किंवा पावडर तीत भरू नये. आत राहिलेली माती त्याखाली झाकली जाते. नाकातून रक्त आल्यास मुलीला पुढे वाकवून बसवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे सोडू नये. डोके मागे टाकले तर रक्त घशात उतरते.

दुसरी घटना घोटा मुरगळणे. येथे बर्फ लागतो. एका उपयोगास साधारण अर्धा किलो धरून दिवसासाठी चार किलो बर्फ झाकणाच्या थर्माकोलच्या खोक्यात न्यावा. तो फोडून प्लास्टिकच्या पिशवीत भरावा आणि ओल्या कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा. उघड्या कातडीवर थेट बर्फ ठेवू नये. नंतर १० सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधीत जावे. बोटे निळसर किंवा बधिर झाली तर ते सैल करावे. ताज्या दुखापतीवर बाम चोळणे, मालीश करणे किंवा पाय ओढून ‘बसविणे’ यांमुळे सूज व रक्तस्राव वाढतो. हे करण्यास पुढे येणाऱ्या हितचिंतकांना नम्रपणे दूर ठेवावे. मुरगळले की मोडले, याची एक सोपी कसोटी डॉक्टरही वापरतात : दुखऱ्या पायावर भार देत मुलीला चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या हाडावरच दाबले असता कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

तिसरी घटना दम लागणे व उकाड्याने गळून जाणे. दम्याच्या मुलीचा इनहेलर तिच्या नावाच्या पाकिटात या पिशवीत असावा. दप्तरात राहिलेला इनहेलर नसल्यासारखाच. ओआरएसची एक लिटर पाण्यात मिसळावयाची सहा पाकिटे घ्यावीत. पाणी मोजून एक लिटरच घ्यावे. अर्ध्या बाटलीत पाकीट ओतले तर मिठाचे प्रमाण दुप्पट होते. ऑगस्टमध्ये पाऊस थांबून ऊन पडले की दमट हवेत घाम वाळत नाही, आणि त्यामुळे शरीर थंड होत नाही. मुलगी अंगाने तापलेली असून असंबद्ध बोलू लागली तर तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतीत राहावे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

या पिशवीत वेदनाशामक गोळ्या नसाव्यात. गोळी दुखणे झाकते, दुखापत झाकत नाही. शिवाय ॲस्पिरिन मुलांना देणे धोक्याचे आहे. पिशवीच्या झाकणाच्या आतील बाजूस एक कागद चिकटवावा. त्यावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, एक्स-रेची व सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी, आणि मैदानाच्या मोठ्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे, हे लिहावे. हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु रुग्णवाहिका बंद फाटकाबाहेर उभी राहते तेव्हा तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

डोक्याला मार : निर्णय कोणाचा?

काही वर्षांपूर्वी एका शालेय सामन्यात आम्ही पुढील प्रकार पाहिला. कॉर्नरवर दोन मुलींची डोकी एकमेकींवर आदळली. त्यांतली एक काही क्षण बसून राहिली. गुणफलक बरोबरीत होता. प्रशिक्षकांनी सीमारेषेवरून विचारले, “काय गं, खेळशील ना?” तिने मान हलविली आणि ती उठली. पाच-सात मिनिटांनी ती आपल्याच गोलाकडे चेंडू घेऊन धावू लागली, तेव्हा प्रेक्षक हसले. मग ती खाली बसली व तिला उलटी झाली. रुग्णालयात तिला दोन दिवस ठेवावे लागले आणि ती पुष्कळ आठवडे शाळेत नीट बसू शकत नव्हती. सुदैवाने ती पूर्ण बरी झाली.

प्रशिक्षक वाईट मनुष्य नव्हते. त्यांचा प्रश्नच चुकीचा होता. मेंदूला हिसका बसलेल्या मुलीला स्वतःची अवस्था सांगता येत नाही, आणि संघाबाहेर व्हावयाचे नसलेली मुलगी ‘हो’ असेच म्हणणार. सामना जिंकण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनाच ती खेळू शकते काय, हे ठरविण्यास सांगणे दोघांवरही अन्याय आहे. प्रथमोपचाराची पिशवी आणि खेळाडूला बाहेर बसविण्याचा अधिकार हे दोन्ही शिक्षिकेकडे असावेत, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. मुख्याध्यापकांनी हे स्पर्धेपूर्वी लेखी सांगावे, म्हणजे मैदानावर वाद होत नाही.

शिक्षिकेला डॉक्टर असण्याची आवश्यकता नाही. त्यांनी एका कार्डावर पाच प्रश्न लिहून ठेवावेत : आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पहिला डाव की दुसरा? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो काय? एकाही उत्तरात चूक झाली तर मुलगी बाहेर. उत्तरे बरोबर आली तरी डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अंधूक दिसणे, तोल जाणे, रिकामी नजर किंवा एरवीपेक्षा वेगळे वागणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी बाहेर. शंका असली तरीही बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा खेळणे नाही. तिला एकटे सोडू नये. लक्षणे काही तासांनीही वाढतात. शुद्ध हरपली, पुन्हा उलटी झाली, आकडी आली, डोकेदुखी वाढत गेली, मान दुखू लागली किंवा हातापायांत मुंग्या आल्या, तर विलंब न लावता १०८ ला दूरध्वनी करावा. मान दुखत असल्यास तिला हलवू नये. घरी पाठविताना पालकांना काय घडले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. पुन्हा सराव केव्हा, हे डॉक्टर ठरवितील.

सामन्याच्या दिवशीची कामे

तीन मदतनीस विद्यार्थिनी संघाबाहेरच्याच निवडाव्यात, कारण खेळणाऱ्या मुलीचे लक्ष पिशवीवर राहू शकत नाही. एकीकडे गणवेश, दुसरीकडे चेंडू, तिसरीकडे पाणी व बर्फ. प्रत्येकीकडे आपल्याच पिशवीची यादी असावी, सर्वांची नव्हे.

पहिला सामना साडेनऊला आहे असे धरू. आदल्या संध्याकाळी पिशव्या भरून, यादीवर खुणा करून कुलपात ठेवाव्यात. सकाळी पावणेसातला शाळेत जमून मोजणी करावी. शिनगार्ड व चेंडू पुन्हा मोजावेत. वाटेत बर्फ घ्यावा. सव्वाआठपर्यंत मैदानावर पोहोचावे. पोहोचताच क्रीडाशिक्षकांनी पंचांना व प्रतिस्पर्धी संघाला भेटून जर्सीचे रंग ठरवावेत आणि संघाची यादी द्यावी; शिक्षिकेने फाटक, किल्ली व स्वच्छतागृह पाहून घ्यावे; मुलींनी मैदानावरून चालत जाऊन दगड, काचा व खड्डे पाहावेत आणि गोलाचे खांब घट्ट रोवलेले आहेत याची क्रीडाशिक्षकांनी खात्री करावी. पावणेनऊपासून अर्धा तास सराव. सव्वानऊला गणवेशाची मदतनीस प्रत्येकीचे दागिने, शिनगार्ड, बुटांच्या नाड्या आणि केसांतील धातूच्या पिना पाहील. तिला राग येईल असे कोणी बोलू नये. ती पंचांचे काम पाच मिनिटे आधी करीत असते.

दोन सामन्यांमधील वेळेत ओल्या जर्सी पिळून दोरीवर टाकाव्यात, चेंडू मोजावेत, प्रथमोपचारातील वापरलेले सामान लिहून ठेवावे. पाण्याची प्रत्येकीची बाटली वेगळी असावी. २० लिटरचा जार भरण्यापुरताच. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर सर्वांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद बसमध्ये जावे, झाडाखाली नव्हे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे मैदानात येऊ नये.

भिंतीवर लावण्याची यादी

गणवेश : निळ्या जर्सी १४, गोलरक्षकाच्या जर्सी २ रंगांत २, गोलरक्षकाचे हातमोजे २ जोड्या, बिब्स १४, चड्ड्या १६, मोजे १६ जोड्या, शिनगार्ड १८ जोड्या (राखीव २ धरून). राखीव : बिनक्रमांकाच्या जर्सी २, चड्ड्या २, मोजे ४ जोड्या, नाड्या ३ जोड्या. कापडी चिकटपट्टी, सॅनिटरी पॅड, चादर, दोरी.

चेंडू : सरावाचे ८, सामन्याचा १, पंप १, सुया ३, दाबमापक १, ग्लिसरीन, टॉवेल २.

प्रथमोपचार : हातमोजे ६ जोड्या, गॉज २०, पट्ट्या ५, क्रेप बँडेज २, त्रिकोणी बँडेज २, चिकटपट्टी २, कात्री १, पाण्याच्या बंद बाटल्या २, ओआरएस ६, बर्फ ४ किलो, प्लास्टिकच्या पिशव्या, नावाचे इनहेलर, पाच प्रश्नांचे कार्ड, झाकणावर दूरध्वनी क्रमांक.

फाइल : संघाची यादी, ओळखपत्रे, जन्मदाखले, संमतिपत्रे, परिपत्रक.

बस परत शाळेत आल्यावर काम संपत नाही. तिन्ही पिशव्या त्याच दिवशी उघडाव्यात, ओले साहित्य बाहेर काढावे आणि जे संपले, फाटले किंवा हरवले ते यादीच्या मागील बाजूस लिहून तो कागद दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावा. वापरलेले गॉज आणि क्रेप बँडेज पुढच्या स्पर्धेच्या सकाळी आठवत नाहीत. परतल्याच्या संध्याकाळी मात्र आठवतात.